रिफंडाचं मखर

आमच्या घरामागे डोंगर आहे. रत्नागिरीत सपाट जागा परवडत नाही, म्हणून आम्ही उतार कापून घर बांधलं आणि कापलेल्या मातीला जांभ्या चिऱ्याची भिंत घातली. भिंत आणि घर यांच्यामध्ये दोन हातांची बोळ. त्या बोळीला लागून मागची खोली, मुलीची. रस्त्याचा आवाज तिथे पोचत नसे, म्हणून अभ्यासाला ती बरी.

मी माध्यमिक शाळेत शिक्षक. वयाची पन्नाशी आली तरी वेळेवर कागद देण्याची सवय मला लागली नाही. विम्याच्या पावत्या, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, हे सगळं आमचे क्लार्क जानेवारीत मागायचे आणि मी देतो देतो म्हणत राहायचो. मग फेब्रुवारीच्या पगारातून भरमसाट कर कापला जायचा. पुढे जुलैत रिटर्न भरताना त्याच पावत्या दाखवल्या, की जास्तीचा कापलेला कर परत यायचा. चाळीसेक हजार, ऑगस्टच्या आसपास.

पुढे पुढे मी हे मुद्दामच करू लागलो. स्टाफरूममध्ये ऐटीत सांगायचो, "ही माझी सरकारी भिशी. हातात असते तर उडाले असते." शहाणपणाचा आव आणायला मला आवडतं. पण ऑगस्ट कुठल्या सणाच्या तोंडावर येतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

पहिल्या वर्षी रिफंड आला आणि मी सोनेरी मखर आणलं, घडीचं, आतून दिवे लागणारं. मुंबईहून धाकटा भाऊ बायकामुलांसह आला, तो बघतच राहिला. मी फुगलो. त्याच वर्षी दिवाळीनंतर भिंतीला आडवी भेग दिसली. संगमेश्वराकडचा एक जुना गवंडी बोलावला. त्याने भिंतीवर हात फिरवला, पाणी निघायची भोकं काडीने टोकरून पाहिली. ती मातीने बुजली होती.

"मास्तर, भिंतीला पोट सुटलाय. मागून पानी ढकलताय तिला. उतरवून नवी घालाय होवी."

त्याने खर्च सांगितला, एक लाख दहा हजार. तीन वर्षांचे रिफंड साठवले की भागलं, असा हिशेब मी तिथल्या तिथे केला. जाताना त्याने भेगेवर सिमेंटची एक पातळ टिकली लावली, बंद्या रुपयापेक्षा जराशी मोठी.

"ही फुटली की समजा, भिंत चालाय लागली. मग भिंतीची नको, मान्सांची काळजी करा."

दुसऱ्या वर्षी रिफंड आला. तो पगाराच्याच खात्यात जमा होतो आणि त्याच खात्यातून मोबाइलवर भाजी, पेट्रोल, गॅस. भिंतीचं काम दिवाळीनंतरच होणार, कारण भर पावसात पाया खणला तर डोंगरच अंगावर येईल. म्हणजे पैसे चार-पाच महिने नुसते सांभाळायचे होते. एवढंच जमलं नाही. गणपतीत पाहुणे, मग दुचाकीचे टायर, मग काय ते आठवतही नाही. दिवाळीला खातं पाहिलं तर नेहमीचाच आकडा. चोरी झाली असती तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं. तिसऱ्या वर्षीही तेच झालं. फुकटचं आलं, फुकट गेलं, असं मी हसत म्हणालो. ते फुकटचं नव्हतं. माझाच पगार होता तो.

मी रोज शाळेत जाताना बोळीत डोकावायचो. टिकली शाबूत असायची. ती शाबूत आहे म्हणजे आपण काही गुन्हा करत नाही, असं मला वाटायचं.

चौथ्या वर्षी जुलैत टिकली फुटली. बरोबर मधोमध, केसाएवढी चीर. मी घरात सांगितलं नाही. बायकोनेच पाहिलं. तिने एकटीनेच मुलीची खाट ओढत पुढच्या खोलीत आणली. रिफंडाचा मेसेज आला त्याच दिवशी तिने माझा मोबाइल हातात घेतला आणि मला समोर बसवून त्या पैशांची पाच महिन्यांची मुदत ठेव करायला लावली.

"अहो, आता जानेवारीत मुदत पुरी होईल. तेव्हा गवंडी. बाकीचे मी माझ्या भिशीतून देते."

"आणि गणपती? मखराचे दिवे गेलेत सगळे."

"मखर ठेवा मागच्या खोलीत. माटवी बांधा. डोंगरात फळं-पानं फुकट आहेत."

गणपतीवर टांगायची ती रानफळांची चौकट, माझ्या आजोबांच्या वेळची रीत. भाऊ आला आणि म्हणाला, "दादा, यंदा साधंच?" मला ते लागलं. ठेव मोडून नवं मखर आणावं, असं दोनदा मनात आलं. बटण दाबलं की झालं.

पाऊस ओसरायचं नाव घेत नव्हता. घर माणसांनी भरलेलं, पुढच्या खोलीत पोरांचा धिंगाणा, आणि मुलगी बारावीला. ती पुस्तकं घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसायला लागली. मी पाहिलं होतं. पाहुण्यांपुढे कशाला भिंतीचा विषय, म्हणून गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला सगळे उभे राहिले, ती आली नाही. बायको म्हणाली, राहू दे, अभ्यास करतेय. पण भावासमोर माझा पारा चढला. "देवापुढे उभं राहायला दहा मिनिटं नाहीत? ये इकडे!" मी घर दणाणेल एवढ्याने ओरडलो. ती फणकारत आली, पेन हातातच. मी टाळ घेतला. दुसरी आरती चालू असताना मागून आवाज आला, रेतीचा ट्रक रिकामा करावा तसा. दिवे गेले. ओल्या मातीचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला.

भिंत चिऱ्यांसकट मागच्या खोलीत बसली होती. टेबल दिसत नव्हतं. खुर्ची होती तिथे छातीएवढी लाल माती.

शेजारीपाजारी धावले. सगळे म्हणत होते, बाप्पाने राखलं, आरतीला बोलावून घेतलंन पोरीला. भावाने मला मिठी मारली, "दादा, तू हाक मारलीस म्हणून." मी मान हलवली. मी हाक मारली ती ऐटीपोटी. आणि भिंत पडली तीही माझ्या ऐटीपोटीच. बाप्पाच्या नावावर भिंतीचे पैसे मी दोन वर्षं खाल्ले होते.

बायको माझ्याकडे पाहत नव्हती. मुलीच्या हातातलं पेन सुटत नव्हतं, तिच्या आईने ते हळूहळू सोडवून घेतलं.

जानेवारीत नवी भिंत झाली, ठेव आणि भिशी दोन्ही घालून. बैल गेला नि झोपा केला. आता मी पावत्या डिसेंबरातच देतो. तरी पाऊस लागला की मुलगी मागच्या खोलीत पाय ठेवत नाही, आणि मी हाक मारली की दचकते.

त्या गणपतीच्या विसर्जनानंतर माती उपसली, तेव्हा शेवटी कोपऱ्यातून ते मखर निघालं. कपाट आडवं पडून त्याच्यावर छप्पर झालं होतं. मुलीने कापडाने पुसलं तर सोनेरी रंग तसाच.

"बाबा," ती म्हणाली, "याला काहीच झालं नाही."