बयाणा परत मागताना

सरकारी इमारतीच्या वायरिंगचं टेंडर आम्हाला मिळालं नाही, ते सोडा. पण आमचा बयाणा, म्हणजे टेंडर भरताना ठेवलेली अनामत रक्कम, तीही परत येईना. तीच दुसऱ्या टेंडरला भरायची होती आणि त्याची मुदत संपत आली होती. मी चिडून अर्ज खरडला: ‘काम दुसऱ्या ठेकेदाराला दिलंत, त्याची वर्क ऑर्डरही काढलीत, मग आमचे पैसे कशाला दाबून बसलात?’

विक्रोळीच्या आमच्या गाळ्यात कागदपत्रं बायको बघते. तिने ते अख्खं वाक्यच उडवलं. “पैसे हवेत ना रे तुला? मग भांडू नकोस.” ‘परतावा मिळावा, ही विनंती’ असं लिहून तिने खाली बयाण्याच्या डिमांड ड्राफ्टचा नंबर, बँक, पावती, आमचं खातं, सगळं नीट मांडलं. कॅन्सल्ड चेकही जोडला.

दुपारी दोघं टेंडर काढणाऱ्या अंधेरीच्या सरकारी कार्यालयात गेलो. लेखा शाखेतल्या बाईंनी अर्ज वाचला.

“ड्राफ्टचा तपशील बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण टेंडर फायनल झालं, वर्क ऑर्डर निघाली, हे कुठे लिहिलंय? त्याशिवाय मी फाइल पुढे कशी पाठवू?”

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान वर न करता पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

“लिही,” ती पुटपुटली. “पण प्रश्न विचारू नकोस.”