गोळाभात वाढणाऱ्या बाई

पुण्याहून विदर्भातल्या दिग्रसच्या शाळेत नोकरीला येऊन मला तीन महिने झाले होते. कॉन्व्हेंटात शिकलेली आणि अबोल, म्हणून शिक्षकांच्या खोलीत मी गर्विष्ठ ठरले होते. चिडवायच्या त्या फक्त मराठीच्या बाई. चष्मा कपाळावर सरकवून त्या विचारायच्या, "तुमची पुण्याची आमटी गोड, बोलणं गोड, मंग हे पोरगी मुकी काहून?" मी नुसती हसायची. उत्तर सुचायचं, पण ते आगाऊ वाटेल अशी भीती वाटायची.

एका शनिवारी त्यांनी सगळ्यांसाठी गोळाभात आणला. मी डाळीचा गोळा अख्खाच उचलून चावला.

"लाडू नाही वं तो! भातात कुस्कर त्याले."

त्यांनी माझ्या ताटात दुसरा गोळा स्वतःच कुस्करला आणि वरून लाल मिरचीची फोडणी अशी ओतली, की भात तेलात बुडाला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"बाई, एवढ्या तेलात आम्ही पुण्यात महिना काढतो," मी म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. मग बाई टेबलावर थाप मारून हसल्या. "बोलते वं, बोलते! अन् कशी बोलते पाहा!"

आणि त्यांनी आणखी एक पळी ओतली. "घे, पुढच्या महिन्याचंही घे."