सख्ख्या बहिणीला लावलेला दर

बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं शेत होतं. त्यात आमच्या ह्यांनी हिरवळ लावली, स्टेज बांधलं आणि लग्नाचं लॉन सुरू केलं. दर मी ठरवला, आजूबाजूच्या सगळ्या लॉनपेक्षा कमी. शाळेत इतकी वर्षं गणित शिकवते, स्वस्त ठेवलं की गिऱ्हाईक वाढणार हे काय कुणी मला सांगायला हवं?

लोक यायचे, फिरून बघायचे, खूशही व्हायचे. दर ऐकला की मात्र त्यांचं तोंड पडायचं. कमी आहे म्हणून तोंड पडतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. नवरीचा एक बाप तर सरळ म्हणाला, "जागा झकास हाय, मॅडम. पण इथं लगन लावलं तं पाहुणे म्हनतीन, यानं हात आखडला."

तो हंगाम कोरडा गेला. मग धाकट्या दिराने सूत्रं हातात घेतली. त्याचं धान्याचं अडत दुकान आहे. "वयनी, कोन्या लॉनचा काय रेट हाय, हे अमरावतीत साऱ्याइले पाठ हाय," तो म्हणाला. "पत्रिकेवर लॉनचं नाव वाचलं का लोक बापाचा खर्च मोजतेत. त्याइले आपलं गवत नाई दाखवाचं, आकडा दाखवाचा हाय." त्याने दर दुप्पट केला. एक बल्बसुद्धा बदलला नाही.

मी चिडले. आता कुत्रंही फिरकणार नाही, असं म्हणाले. खेड्यातली साधी माणसं खरंच यायची बंद झाली, त्याचं मला वाईट वाटलं. पण कधी न फिरकलेले कंत्राटदार, डॉक्टर, मोठे बागायतदार मुहूर्तांसाठी भांडू लागले आणि सगळ्या तारखा भरल्या. त्यातला एक जण हळूच म्हणाला, "थोडं कमी करा, पण बाहेर कोनाले सांगू नका." पैसे वाचलेले हवेत, पण वाचले हे कळायला नको! माझं डोकं काम करेना. गवत तेच, मांडव तोच, मग वाढलं काय?

अशात अकोल्याच्या माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. ही भाची माझ्या कडेवर वाढलेली. मी फोन करून सांगितलं, "लगन आपल्याच लॉनवर. एक पैसा घेनार नाई." "पाहू," म्हणून तिने फोन ठेवला.

मग बहीण स्वतःच आली. चहा तसाच ठेवून म्हणाली, "ताई, तुह्यं मन समजते मले. पण लॉन मावशीचं हाय, हे पोरीच्या सासरच्याइले माईत हाय. फुकटात उरकलं म्हनतीन. जन्मभर ऐकवतीन तिले. आमी दुसरं लॉन पाहून राहिलो, तुह्यापेक्षा महागाचं."

त्यासाठी ती मुलीच्या पुढच्या शिक्षणाची ठेव मोडणार होती.

"डोकं फिरलं का तुह्यं?" मी ओरडले. ती रडली, मग मीही रडले. डोळे पुसून ती म्हणाली, "मंग असं सांगशीन का, का तू माह्याकून पूरे पैसे घेतले? साऱ्याइले?"

मी हो म्हणाले. ठेव वाचत होती ना! पण आपण काही द्यावं आणि ते घेतलं म्हणून सांगावं, हे कसलं देणं, ते मला तेव्हाही उमजलं नाही.

लग्न थाटात लागलं. जेवताना विहीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सख्ख्या बहिनीकून बी पूरे पैसे घेतले म्हने तुमी?"

"घेतले," मी म्हणाले. "लग्नसराईचा चढा दर लावला. इथं नातंगोतं चालत नाई."

समोरच्या बहिणीचा चेहरा असा खुलला की मला तिचं लहानपण आठवलं. विहीणबाईंनी समाधानाने मान हलवली. "मंग आमच्या धाकट्याची तारीख बी धरून ठेवा," त्या म्हणाल्या. का कोण जाणे, मला लाजच वाटली, आणि त्या लाजेच्या आत थोडा आनंदही होता. त्याचा तर मला जास्तच राग आला.

शेजारी माझी भावजय बसली होती. भावाची बेताची शेती, त्यांचीही मुलगी लग्नाची. तिलाही मी आपलंच लॉन देणार, हे मनात पक्कं होतं. बोलायचं तेवढं राहिलं होतं. तिने माझ्याकडे न पाहता ताटातला भात कालवला.

"आमच्या पोरीचं आमी गावातच उरकू, ताई," ती म्हणाली. "तुमचा दर आमाले नाई झेपाचा."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. विहीणबाई अजून ऐकत होत्या, बहीण माझ्याकडेच पाहत होती.

"जिलबी घ्या ना अजून," मी भावजयीला म्हणाले.