एकशे ऐंशी दिवस आणि गाडीतली माझी जागा

मी जळकुकडी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी बिचारी वगैरे वाटायला नको.

मी आणि माझी मैत्रीण एकाच महिन्यात पुण्याहून मेलबर्नला आलो. कंपनी एक, काम एकच, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, आणि व्हिसाही एकाच जातीचा: कंपनीने स्पॉन्सर केलेला. शहराच्या टोकाला पॉइंट कुकमध्ये दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं घेतली, अर्थात भाड्याने. रोज सकाळी ती गाडी घेऊन यायची, मी तिच्या शेजारी बसायचे आणि स्टेशनच्या पार्किंगपर्यंत आम्ही साहेबाची यथेच्छ निंदा करायचो.

दीड वर्षाने तिने नोकरी बदलली. कशी, तेही सांगते, कारण त्यातच तिचा शहाणपणा होता. नवी कंपनी तिला स्पॉन्सर करायला तयार झाली, त्यांनी सरकारकडे तिचं नॉमिनेशन भरलं, आणि ते मंजूर होईपर्यंत या बाईने ऑफिसात ब्र काढला नाही. मंजुरी आली तशी राजीनामा दिला, चार आठवड्यांची नोटीस भरली आणि मग तिकडे गेली. मलाही म्हणाली होती, तू पण बघ. मी हसले होते. इथे दोन वर्षं भरली की साहेब आपल्या पीआरचे, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याचे कागद करणार, आणि ही मध्येच उडी मारून मोजणी पहिल्यापासून सुरू करतेय, असं माझं गणित होतं.

त्याच सुमारास नियम बदलला. मंजूर स्पॉन्सरकडे केलेलं काम, मग तो कुठलाही असो, दोन वर्षांत धरलं जाऊ लागलं. तिची मोजणी तुटलीच नाही. नव्या कंपनीने तिचे कागद भरले. माझा साहेब मात्र दर खेपेला ‘पुढच्या क्वार्टरला नक्की’ म्हणत होता, आणि मी तिच्या शेजारी बसून ‘आमचंही होतंच आहे’ म्हणत होते.

मग एका मंगळवारी सकाळी अर्ध्या तासाच्या मीटिंगचं आमंत्रण आलं आणि मी रिडंडंट झाले, म्हणजे माझी जागाच रद्द झाली. एचआरच्या बाईने विचारलं, नोटिशीचे चार आठवडे पगारावर राहायचंय, की त्याचे पैसे घेऊन आजच मोकळं व्हायचंय? मला त्या इमारतीचं तोंडही बघायचं नव्हतं. आजच, म्हटलं आणि सही केली.

दोन दिवसांनी व्हिसाच्या एजंटने शांतपणे समजावलं. नोकरी सुटली की एकशे ऐंशी दिवस मिळतात. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधून त्याचं नॉमिनेशन मंजूर व्हायला हवं, नाहीतर दुसरा व्हिसा भरायचा किंवा देश सोडायचा. आणि नोकरी सुटली कधी? मी सही केली त्या दिवशी. चार आठवडे पगारावर राहिले असते, तर मोजणी चार आठवड्यांनी सुरू झाली असती. माझ्याबरोबर काढलेल्या एका सहकारी मुलीने नेमकं तेच केलं होतं. मैत्रिणीला एक फोन केला असता तर तिने मला हे सांगितलं असतं. पण तिला फोन करायचा म्हणजे आधी हरले म्हणून सांगायचं. ते माझ्याने होईना.

म्हणून मी नवऱ्याखेरीज कुणालाच सांगितलं नाही. मैत्रिणीला म्हटलं, सध्या घरूनच काम आहे. नवरा माझ्याच व्हिसावर होता, मुलगा दुसरीत, म्हणजे माझे दिवस संपले की तिघांचेही संपणार. मी अर्ज करत होते. पुष्कळ जण मुलाखत घ्यायचे आणि स्पॉन्सरशिपचं नाव निघालं की गप्प व्हायचे. या मुदतीत मिळेल ते काम करायची मुभा असते. जवळच्या इंडियन ग्रोसरीत माणूस हवा होता, पण मी गेले नाही, कारण मैत्रीण तिथूनच भाजी घ्यायची.

शहाण्णवाव्या दिवशी तिच्याकडे सत्यनारायण होता. पीआर आला म्हणून. डबल गॅरेज धुऊन पुसून तिथेच पूजा मांडली होती. ती पैठणी नेसली होती आणि छान दिसत होती, त्याचाही मला राग आला. तिच्या हातचा प्रसादाचा शिरा मी नवऱ्याच्या द्रोणात सरकवला. लोक तिला विचारत होते, आता घर घेणार का, आईबाबांना आणणार का, आणि मी मनात म्हणत होते, हिचंच का? हिच्यापेक्षा माझं काय कमी होतं?

द्रोण भरता भरता तिने मला विचारलं, “अगं, आमच्या टीममध्ये टेस्टर हवाय. नॉमिनेशनही करतील. कोणी आहे का तुझ्या बघण्यात?”

नवरा शेजारीच उभा होता. मी म्हटलं, “माझं बरं चाललंय बाई. पण एक मुलगी आहे, तिला गरज आहे.” आणि त्या सहकारी मुलीचं नाव आणि नंबर दिला.

घरी आलो, गाडी दारात लावल्यावर नवरा म्हणाला, “तू तिला हरवलंस की आपल्याला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत तिच्याकडे गेले आणि दारातच सगळं सांगितलं. मीटिंग, सही, घरून कामाचं नाटक, आणि मी तिच्यावर जळते, हेही. मला वाटलं चिडेल. तिने आत घेतलं, चहाचं आधण ठेवलं आणि विचारलं, “किती दिवस राहिले?”

“चौऱ्याऐंशी.”

“म्हणजे शहाण्णव दिवस मूर्खासारखी एकटी बसलीस.”

त्या मुलीचं नाव तिने रात्रीच पाठवून दिलं होतं. त्यामागोमाग माझंही पाठवलं. मुलाखती दोघींच्या झाल्या, नोकरी तिला लागली. मी मनापासून आनंद झाल्याचा मेसेज केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

मैत्रीण मात्र मागे लागली. रोज संध्याकाळी फोन: आज किती अर्ज केलेस? तिच्याच ओळखीतून अ‍ॅडिलेडची एक कंपनी मिळाली, मॉसन लेक्समध्ये. काम तेच, व्हिसाची अट अजून मोडली नव्हती आणि त्याची मुदतही शिल्लक होती, त्यामुळे नवा व्हिसा नको, फक्त नॉमिनेशन हवं होतं. ते भरलं गेलं तेव्हा मी आनंदले, तर ती म्हणाली, भरलं म्हणजे मंजूर नाही, सामान बांधू नकोस. एकशे एकाहत्तराव्या दिवशी मंजुरी आली. मग तीच खोकी घेऊन आली आणि माझी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसली.

आता मी मॉसन लेक्सला आहे. ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे, मुलाने शाळा बदलली, नव्या साहेबाने पीआरचे कागद खरोखरच हातात घेतलेत. तक्रारीला जागा नाही.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीशी बोलत होते. त्या सहकारी मुलीने पॉइंट कुकमध्येच घर घेतलंय, जवळच. एकच ऑफिस, म्हणून दोघी बरोबरच जातात. फोन स्पीकरवर होता, गाडी चालू होती, आणि तिच्या शेजारून, माझ्या जागेवरून, ती मुलगी मला हॅलो म्हणाली. मी छानच हॅलो म्हटलं. पण इतकी जळले, की पीआरच्या वेळीसुद्धा एवढी जळले नव्हते.