साडेपाचशे किलोमीटर धरून

साखर वाढल्यापासून मी रोज संध्याकाळी चालायला जाते. तलासरीत चालायला जागा अशी नाही. हायवेवर ट्रक, बाजाराकडे रिक्षा. म्हणून शाळेमागच्या जुन्या रस्त्याने निघायचं, ताडाच्या झाडांपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. सोबतीला शेजारीण असायची. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान, एका बालवाडीत शिकवायची. तिला चालायची गरज नव्हती, पण घरातून तासभर बाहेर पडायची होती.

२०१९ सालचा उन्हाळा होता. त्या दिवशी ती निघतानाच म्हणाली, "ताई, आज मला एक हिशोब करून द्या ना."

हिशोब म्हटला की मला बरं वाटतं. मी आश्रमशाळेत गणित शिकवत होते आणि लोक अंदाजे बोलले की माझं डोकं फिरतं.

प्रश्न साधा होता. तिची जुनी पेट्रोलची स्कूटर बदलायला आली होती. नवऱ्याने एक सेकंडहँड पेट्रोलची बघून ठेवली होती. हिला मात्र वापीच्या दुकानात पाहिलेली इलेक्ट्रिक हवी होती. किमती दोन्हींच्या जवळजवळ सारख्या. नवरा म्हणाला होता, "महिन्याचा खर्च कशाचा कमी येतो ते बाईंकडून करून आण. कमी येईल ती घेऊ." माणूस सरळ होता, पण हट्टी. एकदा बोलला की बोलला.

"रोजचं जाणं-येणं किती?" मी विचारलं.

"बालवाडी आणि बाजार धरून बारा किलोमीटर."

"महिन्याचे पंचवीस दिवस. म्हणजे तीनशे. आत्ताची लिटरला किती जाते?"

"चाळीस. पण हे बॉर्डरच्या पलीकडे भरतात, तिकडे स्वस्त आहे."

ते मला माहीत होतं. आमच्याकडे सगळेच तसं करतात. गुजरातच्या पंपावर पेट्रोल लिटरमागे सात-आठ रुपयांनी कमी पडायचं आणि हद्द इथून काही फार लांब नाही. तिचा नवरा पलीकडच्याच एका कारखान्यात कामाला होता. तो स्वतःच्या मोटरसायकलवर जायचा आणि दर रविवारी हिची स्कूटर नेऊन टाकी भरून आणायचा. हिच्या हातात पेट्रोलचे पैसे कधी यायचे नाहीत.

"सत्तर रुपये धर," मी म्हटलं. "साडेसात लिटर, म्हणजे सव्वापाचशे. ऑइल, सर्व्हिसिंग वगैरे महिन्याला पंचाहत्तर. सहाशे झाले."

"आणि इलेक्ट्रिकचे?"

दुकानदाराने तिला एका चार्जिंगला साठ किलोमीटर सांगितले होते. दुकानदार सांगतोच. आमच्या शाळेतल्या शिपायाने तसलीच गाडी घेतली होती. आमच्या खड्ड्यांतून आणि चढांवरून ती पंचेचाळीसच्या वर कधी गेली नव्हती. एकदा पूर्ण चार्ज करायला साधारण दीड युनिटच्या वर थोडी वीज लागते, कारण चार्जरही गरम होऊन थोडी खातो. तीनशे किलोमीटरला सातेक वेळा चार्जिंग, म्हणजे अकरा युनिट.

"तुमचं बिल शंभर युनिटच्या वर येतं?"

"उन्हाळ्यात येतंच. पंखे, फ्रिज."

"मग ही अकरा वरच्या दराने जातील. सगळं धरून शंभर रुपये."

"शंभरच!" ती रस्त्यात थांबली. मग तिने एक विचित्र प्रश्न विचारला. "बिलात गाडीचे युनिट वेगळे दाखवतात का हो?"

"वेगळे कशाला दाखवतील? मीटर एकच ना."

"म्हणजे गाडी जास्त फिरली तरी ते कळणार नाही? फ्रिजचं की गाडीचं?"

"पाच-दहा युनिटांचं काय कळतंय. पण तुला कशाला हवंय ते?" मी जरा वैतागूनच म्हटलं. मुद्दा सोडून बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, वर्गात असोत की रस्त्यावर.

"आणि रात्री लावली की सकाळी फुल? रोज?"

"लाइट गेली नाही तर फुल."

ती खूश होऊन चालायला लागली. मला तिची ती खुशी मोडावी लागली, कारण हिशोब अजून संपला नव्हता.

"बॅटरी राहिली की," मी म्हटलं. "ती शिशाची आहे, इन्व्हर्टरला असते तसली. दोन उन्हाळे काढले तर नशीब. शिपायाची वीस महिन्यांत गेली. नवा सेट तेरा हजार. वीस महिन्यांवर वाटले तर महिन्याला साडेसहाशे. शंभर विजेचे. साडेसातशे झाले. पेट्रोलचे सहाशे."

"बॅटरी नाही धरली तर?"

"नाही कशी धरणार? पेट्रोल धरतेस ना?"

"पण कमी चालवली तर जास्त टिकेल ना?"

"ती नुसती उभी राहिली तरी उन्हात म्हातारी होते. तीनशे किलोमीटरला ही गाडी परवडत नाही. रोज लांबचा पल्ला असता तर परवडली असती."

ताडाची झाडं आली, आम्ही परत फिरलो. ती माझ्या दोन पावलं पुढे चालायला लागली. मला वाटलं, रुसली. हिशोबावर रुसणाऱ्यांची मला सवय होती.

मग ती म्हणाली, "ताई, आठवड्याला साठ किलोमीटर अजून धरा."

"ते कुठून आले?"

"आईकडे."

तिचं माहेर सायवनच्या वाटेवरच्या एका पाड्यावर. जमिनीवरून तिच्या नवऱ्याचं आणि भावाचं भांडण झालं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या घराची पायरी चढायची नाही, असं नवऱ्याने भर अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तिची आई अंथरुणाला खिळली होती, हे मात्र मला त्या संध्याकाळी कळलं. अर्धं अंग गेलं होतं. भावजय मजुरीला जायची, म्हातारी दुपारभर एकटी पडून असायची. ही बालवाडी सुटल्यावर आठवड्यातून तीनदा तिकडे जायची. आईला पुसून काढायची, पेज भरवायची, नवरा घरी यायच्या आत परत.

"रिक्षाने गेले तर नाक्यावर सगळे ओळखतात," ती म्हणाली. "स्कूटरने गेले तर पेट्रोल सरतं. दर रविवारी हे काटा बघतात. एकदा विचारलं, एवढं लवकर कसं संपलं? मी म्हटलं, शाळेच्या सर्वेला फिरले. तेव्हापासून शनिवार आला की मी आधी काटा बघते. सकाळी गाडी फुलच असेल, तर कोण विचारणार?"

मला तिचा रागच आला. मग तिच्या नवऱ्याचा आला. मग स्वतःचाही, की रोज तासभर बरोबर चालून मला हे कळलं नव्हतं. पण राग आला तरी डोकं आपलं काम करतच होतं. आठवड्याला साठ, म्हणजे महिन्याला अडीचशे जास्त. साडेपाचशे किलोमीटर. पेट्रोलचे साडेनऊशेच्या वर, देखभाल धरून हजारावर. विजेचे वीस युनिट, पावणेदोनशे. बॅटरीचे तेच साडेसहाशे, कारण दोन उन्हाळ्यांत एवढं अंतर ती निभावते. इलेक्ट्रिक दोनशेने स्वस्त.

खरे किलोमीटर धरले तर हिला हवी तीच गाडी स्वस्त होती. आणि खरे किलोमीटर नवऱ्याला सांगता येत नव्हते.

"तुम्ही नुसतं सांगा, इलेक्ट्रिक स्वस्त पडते म्हणून," ती म्हणाली. "खोटं नाहीच ते."

मी काही उत्तर द्यायच्या आत मागून मोटरसायकलचा आवाज आला. शिफ्ट संपवून तिचा नवरा घरी चालला होता. आम्हाला बघून थांबला, गाडी बंद केली आणि ढकलत आमच्या बरोबरीने चालायला लागला.

"झाला का हिशोब, बाई?"

तिने माझा हात धरला. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण आकडे मांडून खोटं बोलायला जीभ वळत नाही.

"साडेपाचशे किलोमीटर धरून," मी म्हटलं, "इलेक्ट्रिक दोनशेने स्वस्त पडते."

आता तो विचारणार, बारा गुणिले पंचवीस साडेपाचशे कसे? मी तयारीत होते. तिने मान खाली घातली होती.

"बरोबर," तो म्हणाला. "साडेपाचशेच होतात. कधीकधी जास्त. टाकी मीच भरतो ना."

तो मोटरसायकल ढकलत राहिला.

"आधी आठवड्याला सव्वाशेचं पुरायचं," तो माझ्याकडे बघून सांगत होता, तिच्याकडे नाही. "आता सव्वादोनशेचं टाकतो. माती पण तिकडचीच, लाल, चाकाला चिकटलेली. रविवारी धुतो ती."

"तुम्हाला माहीत होतं?" तिचा आवाज चिरकला. "किती दिवस?"

"दिवाळीपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"जाऊ नको असं सगळ्यांसमोर बोललो होतो. आता जा असं कसं बोलणार? पेट्रोल टाकत होतो."

मला वाटलं, आता ही रडेल, किंवा त्याचे आभार मानेल. तिने दोन्ही केलं नाही. ती भडकली. मी तिला तेवढी भडकलेली कधी पाहिली नव्हती.

"दिवाळीपासून मी चोरासारखी जातेय! आईला घास भरवताना घड्याळ बघतेय. ती म्हणते, थांब जरा, आणि मी उठते. एक शब्द बोलला असतात, तर थांबले असते मी तिच्याजवळ!"

ती आम्हाला मागे टाकून भराभर चालायला लागली. तो मोटरसायकल घेऊन तिच्यामागे धावू शकत नव्हता, आणि चालू करून पुढे जायची त्याची हिंमत नव्हती. मी त्याच्याबरोबर चालत राहिले. मला त्याची कीव आली, पण तिचं बरोबर होतं. मी तसं त्याला सांगितलंही. तो 'हो' म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बाई, ती इलेक्ट्रिक दोघांना ओढते का? सायवनकडे चढ आहे."

"सपाटीला ओढते," मी खरं ते सांगितलं. "चढाला दोघांनी नाही. एकाला उतरून चालावं लागेल."

तो विचारात पडला. पुढे ती थांबली होती. आमचं बोलणं तिला ऐकू गेलं असावं. ती वळली नाही, पाठमोरीच म्हणाली, "मग पेट्रोलचीच घ्या."