'लागणे'वरचा हक्क

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, शब्दकोशाच्या कार्यालयात काम करतात आणि आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतात. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "वेळच मिळाला नाही, क्रियापदं फार होती." माणूस तसा गोड. पण कुणी त्यांच्या ताटातला घास उचलावा आणि त्यांनी हसावं, इतका काही गोड नाही.

कोशाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा 'लागणे' हे क्रियापद आपल्याकडे येणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. संपादकांनी कधीतरी तसा शब्दही दिला होता. 'लागणे' म्हणजे कोशकारांचं धाकटं लाडावलेलं पोर. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, औषध कडू लागतं, जावं लागतं आणि माणूस बोलायलाही लागतो. या सगळ्या अर्थांना एकाच शब्दाखाली नीट घरं बांधून द्यायची, हे वन्संचं कितीतरी वर्षांचं स्वप्न होतं.

तेवढ्यात कार्यालयात एक नवी बाई आली. वन्संनी तिचं नाव यंत्रबाई ठेवलं. तिच्या संगणकात वर्तमानपत्रं, पुस्तकं, अहवाल असा लाखो वाक्यांचा साठा होता. एक शब्द टाकला की तो मधोमध आणि आजूबाजूला त्याची वाक्यं, अशा ओळीच्या ओळी पडद्यावर उतरायच्या. संपादकांनी 'लागणे' दोघींनाही दिलं. आधी अर्थांचे वेगवेगळे आराखडे करा, मग एकमेकींचे तपासा, बैठकीत एक ठरवू, असं म्हणाले.

त्या दिवशी वन्सं जेवायला बसल्या आणि भाजीत मीठ जास्त आहे म्हणाल्या. मीठ बरोबर होतं.

"ती मला ताई म्हणते," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवसापासून. मी काय तिच्या घरी राहते?"

वन्संचा आराखडा लांबलचक झाला. भुकेचं घर वेगळं, तहानेचं वेगळं, झोपेचं, सवयीचं, काळजीचं, नादाचं वेगळं. यंत्रबाईंनी ती सगळी एका घरात घातली. त्यांचं म्हणणं असं, की भुकेचा अर्थ 'भूक' या शब्दातच आहे. 'लागणे' प्रत्येक ठिकाणी एकच काम करतं, माणसाला आतून काहीतरी जाणवायला सुरुवात होते एवढंच सांगतं. ज्याला जाणवतं त्याला 'ला' लागतो, वाक्याची ठेवण तीच राहते, मग घर का बदलायचं? उलट 'जावं लागलं' आणि 'जायला लागला' यांत आधीच्या क्रियापदाचं रूपच वेगळं आहे, म्हणून एकात सक्ती आणि दुसऱ्यात सुरुवात, अशी दोन घरं स्वच्छ वेगळी.

"दिसायला सुटसुटीत आहे," वन्संनी मला सांगितलं.

तपासणीची त्यांच्याकडे एक रीत आहे. आराखडा करताना न पाहिलेली ताजी वाक्यं साठ्यातून काढायची; ती आधी आराखडा करणारीने आणि मग दुसऱ्या बाईने त्या घरांत बसवायची. जे वाक्य कुठेच बसत नाही किंवा दोन घरांत बसतं, त्यावर खूण. वन्संचे कागद परत आले ते खुणांनी भरलेले. 'त्याला चहाची तलफ लागली.' हे तहानेचं की सवयीचं? 'मुलाला वाचनाची गोडी लागली.' सवयीचं की नादाचं?

वन्संना हा सरळ सरळ आकस वाटला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला बसवलं. खुणा न दिसणारी कोरी प्रत माझ्या हातात दिली आणि वाक्यं उलटसुलट वाचायला सांगितली. मी वाचायची, त्या घराचा आकडा लिहायच्या. झरझर लिहीत होत्या, मधूनच "हे तर शेंबडं पोरही सांगेल" म्हणत होत्या. मग महिन्याभरापूर्वी याच वाक्यांना त्यांनी स्वतः दिलेले आकडे काढून शेजारी ठेवले.

तलफ तेव्हा सवयीत होती, आज तहानेत गेली होती. गोडी इकडची तिकडे. काळजीच्या ओळी तर निम्म्या पळाल्या होत्या.

वन्संनी कागद सारखे केले. "माझीच घरं, आणि मलाच सापडत नाहीत," एवढंच बोलल्या आणि वर गेल्या.

तरी माघार घेतली नाही. यंत्रबाईंच्या आराखड्यात खोट काढायची म्हणून त्या हात धुऊन मागे लागल्या. वाक्यामागून वाक्य बसवून पाहत होत्या आणि प्रत्येक वाक्य निमूट बसत होतं. घरी येऊन सांगायच्या ते असं, की जणू कुणीतरी त्यांचा अपमान केलाय.

एका संध्याकाळी यंत्रबाई त्यांना आपल्या गाडीतून घरापर्यंत सोडून गेल्या. फाटकापाशी शेजारच्या काकू उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत हवं असतं. विचारलं, "ती तुमची कोण लागते हो?"

वन्सं "कोणी नाही" म्हणणार होत्या. पण काकूंचा 'लागते' कानाशी अडकला. तशाच घरात आल्या, चप्पल न काढता टेबलाशी बसल्या आणि यंत्रबाईंचा आराखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नात्याचं 'लागणे' त्यात नव्हतं. वन्संच्या स्वतःच्या आराखड्यात ते शेवटून दुसरं होतं.

"साठ्यात बातम्याच जास्त," त्या म्हणाल्या. चेहरा उजळला होता. "पेपरात कोण कुणाचं कोण लागतं, हे कोण विचारतंय? तिच्या वाक्यांत आलंच नसणार."

मी म्हटलं, मग उद्या सांगा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरातली चांदी वाटायला काढलीय. सांगितलं तर तिचा आराखडा पुरा होणार, आणि पुरा झाला की 'लागणे' तिचं. न सांगितलं तर बैठकीत मंजूर होईल, पुढे छापून येईल, आणि कुणीतरी नावं ठेवेल तेव्हा ती तिला ठेवेल.

चार-पाच दिवस त्यांनी ते कार्यालयात सांगितलं नाही. मीही विषय काढला नाही. पण त्यांचं खाण्यात लक्ष नव्हतं. बैठकीच्या सकाळी मी डबा भरत होते तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तिच्या नावावर जाऊ दे एक वेळ," म्हणाल्या. "पण अर्धवट जाऊन चालायचं नाही. तिचं काय, ती उद्या दुसरं क्रियापद धरेल. हे माझं आहे."

बैठकीत त्यांनी आधी स्वतःचा आराखडा मागे घेतला, तोही दोन शब्दांत. मग यंत्रबाईंच्या आराखड्यातली उणीव सांगितली. मला वाटलं होतं, समोरची बाई ओशाळेल, आभार मानेल. तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "वाक्यं दाखवा, ताई. आठवणीतलं नको." वन्सं भडकल्याच. पण दोघी यंत्रापुढे बसल्या. बातम्या बाजूला काढल्या, नाटकं, कथा आणि उतरवून घेतलेल्या मुलाखती तेवढ्या ठेवल्या, आणि 'लागणे'च्या आसपास मामा, आत्या, भाऊ, कोण असे शब्द शोधले. ओळी उतरायला लागल्या. थोड्याच, पण अस्सल.

यंत्रबाईंनी खुर्ची सरकवली आणि व्याख्या तुम्हीच लिहा म्हणाल्या. वन्संनी लिहिलं: 'एखाद्या व्यक्तीशी अमुक एका नात्याने परस्पर संबंधित असणे.' खाली साठ्यातलं वाक्य, 'तो माझा चुलत मामा लागतो.' यंत्रबाईंनी वाचलं आणि पेन्सिलीने 'परस्पर' खोडलं.

हे सगळं मला रात्रीच्या जेवणाला कळलं. वन्सं पोळीचे तुकडे करत होत्या, खात नव्हत्या. मी विचारलं, उगीच खोडलं का तिने?

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मामा भाच्याचा मामा लागतो, भाचा काही त्याचा मामा लागत नाही. जास्तीचाच होता तो शब्द. मी खोडायला हवा होता." मग आमटीची वाटी पुढे ओढली. "तिने खोडला, म्हणून तर इतकं झोंबलं."