साखरकारखान्यातला ण

ऊसपट्ट्यातल्या बेलापूरच्या शाळेत मी मराठी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. दर वर्षी मुलांच्या आयांसाठी एक दुपार ठेवायचो. आदल्या वर्षी संगीत खुर्चीत एकीचा पाय मुरगळला होता, म्हणून त्या वर्षी मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, बसून खेळायचं काहीतरी काढा."

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : साखरकारखाना.

"हे दोन शब्द झाले की," मागून आवाज आला.

"आज जोडून एकच," मी म्हटलं आणि नियम सांगितले. यातल्या अक्षरांपासून शब्द करायचे. काना असेल तर कान्यासकट घ्यायचं, सा चा स करायचा नाही. अक्षर जितक्या वेळा आलंय तितक्याच वेळा वापरायचं. र दोनदा आहे, बाकी सगळी एकेकदाच. आणि शब्द किमान तीन अक्षरी हवा.

"नाका!" एकीने लगेच हात वर केला.

"दोनच अक्षरं झाली."

"काख!" दुसरी म्हणाली आणि स्वतःच पदराआड हसत सुटली. तिचीही दोनच होती. तिसरीने "खरखर" लिहिलं होतं. ख एकच आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग एकदाच खर करते, घसा तसाबी बसलाय." एकीने सातही अक्षरं वापरून "कारखानासाखर" लिहिलं. याचा अर्थ काय, विचारलं तर म्हणे, "उलटा चाललेला कारखाना."

वेळ संपली तेव्हा दोघी बरोबरीत निघाल्या. एकाच घरातल्या जावा, थोरली आणि धाकटी. दोघींकडे साखर, कारखाना, सारखा, खारका आणि रकाना. माझ्या यादीत एवढेच होते, त्यामुळे मी खूश होते. बक्षीस म्हणून झाकणाचा एक स्टीलचा डबा आणला होता, तो कुणाला द्यायचा एवढाच प्रश्न.

"माझा अजून एक हाय," थोरली म्हणाली. "खानार."

"ताई, तो शब्द खाणार. त्यात ण आहे."

"आमच्यात न्हाई. आमी खानारच म्हनतो."

"आन मी काय म्हनते?" धाकटी उसळली. "मलाबी सुचला हुता. मॅडमला चालनार न्हाई म्हनून खोडला!" तिने कागद उंच धरला. खाडाखोड खरंच होती, पण तिच्याखाली काय होतं ते देवालाच माहीत.

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते मूळचे कर्जतकडच्या खेड्यातले, पण परिपाठात ण चा उच्चार असा काही ठसक्यात करायचे की पुढच्या रांगेतली पोरं दचकायची. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "भाषेत शिस्त हवी. ण तो ण. शब्द बाद."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. मलाही वाईट वाटलं, पण निकाल लागला होता. तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी भेळेचं पातेलं घेऊन आल्या. कांदा-कैरीचा वास वर्गभर पसरला. मावशींना आतलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पहिली वाटी सरांपुढे धरली.

"सर, खानार का?"

"खानार की! लई भूक लागलीय," सर म्हणाले.

सगळ्या माना सरांकडे वळल्या. मग थोरली टाळी वाजवून किंचाळली, "घ्या! खानार!" आणि सगळा वर्ग बाकांवर हात आपटू लागला. सर वाटीत तोंड खुपसून बसले. त्यांचे कान लालभडक झाले होते. मलाही हसू आवरेना. फळ्याकडे तोंड करून मी "खानार" लिहिलं.

"थांबा मॅडम," धाकटी म्हणाली. "ण चा न चालतो ना? मग सारनार. चुलीत लाकूड सारनार. र दोनदा हाय, मोजा."

मी मोजलं. सा, र, ना, र. बरोबर होतं. पुन्हा बरोबरी.

"डबा माझा!"

"का म्हनून? माझा!"

दोघी डब्याला दोन बाजूंनी धरून उभ्या राहिल्या. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या सासूबाई वैतागून म्हणाल्या, "अगं बायांनो, कुनीबी घ्या! घरी गेल्यावर एकाच फळीवर ठिवायचाय ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीने डबा सोडला, धाकटीनेही त्याच क्षणी सोडला आणि तो दणकन सरांच्या पायावर पडला.

जाताना डबा धाकटीकडे होता आणि झाकण थोरलीकडे. फाटकापर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. त्यात डाळ ठेवायची की शेंगदाणे, यावरून नवीन भांडण सुरू झालं होतं.